दोन दशांश सेकंदांचा खुलासा

जुलै 2013मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स 2’ या खेळाचा एक पॅच आला आणि त्यातल्या ‘डीएसआर 50’ या लाडक्या स्नायपर बंदुकीचे दोन आकडे बदलले. गोळी झाडण्याचा काळ 0.2 सेकंदांचा 0.4 झाला आणि पुढची गोळी नळीत चढवण्याचा काळ 1.0चा 1.1. बाकी बंदूक होती तशीच. एवढ्यावरून खेळाचे डिझाइन डायरेक्टर डेव्हिड वोंडरहार यांना जिवे मारण्यापर्यंतच्या धमक्या आल्या. त्यांनी ट्विटरवर हेच चार आकडे मांडून विचारलं, की सेकंदाच्या या तुकड्यांपायी धमक्या देणं खरंच योग्य आहे का.

आज कोणत्याही ऑनलाइन खेळात एखादी बंदूक ‘नर्फ’ झाली, म्हणजे तिचा जोर कमी केला, की सोबत पॅच नोट्स येतात. जुना आकडा, नवा आकडा आणि खाली दोन-चार ओळींत कारण. हा कारणाचा भाग मागाहून आला आहे. पॅचची मूळ जात मुळातच अबोल.

1940च्या दशकात हार्वर्ड मार्क 1सारख्या यंत्रांना कागदी पट्टीवर भोकं पाडून प्रोग्रॅम दिला जाई. चुकीच्या जागी भोक पडलं, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवत. हा पहिला पॅच, अक्षरशः ठिगळ. पुढे खेळ फ्लॉपीवरून विकले जाऊ लागले, तेव्हा दुरुस्तीसोबत एक साधी मजकुराची फाइल यायची : अमुक साउंड कार्डवर खेळ बंद पडत होता, आता पडणार नाही. कुणी तक्रार करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दुरुस्ती सगळ्यांच्याच सोयीची असे. शिवाय नको असेल त्याने ती घालू नये. जुनी आवृत्ती त्याच्या मशिनवर सुखरूप असे.

हा पर्याय ऑनलाइन खेळांनी काढून घेतला. 1997च्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये हजारो लोक एकाच जगात वावरत होते, आणि त्या जगाचे नियम कंपनीच्या सर्व्हरवर होते. तिथे तलवारींचा जोर कमी झाला, तेव्हा आपण नर्फ ब्रँडच्या फोमच्या खेळण्यांनी एकमेकांना बडवतोय अशी खेळाडूंनी कुरकुर केली आणि त्यातून हा शब्द रूढ झाला, असं सांगतात. पण शब्दापेक्षा परिस्थिती महत्त्वाची. महिनोन्महिने खपून कमावलेली वस्तू एका सकाळी हलकी झालेली असते, आणि नाही म्हणायची सोय नसते. ज्याला नकाराचा अधिकार नाही, तो निदान कारण मागणारच. माझ्या मते नोट्समधल्या खुलाशाचा जन्म इथे आहे. कंपन्यांना अचानक पारदर्शकतेचा उमाळा आला, असं काही झालेलं नाही.

वोंडरहार यांच्या प्रकरणाला एक मजेशीर जोड आहे. तीन वर्षं आधी, 2010च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये बंजी कंपनीचे डिझायनर जेमी ग्रीसमर यांनी एक अख्खं व्याख्यान फक्त एका बदलावर दिलं होतं : ‘हेलो 3’मधल्या स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधलं अंतर 0.5वरून 0.7 सेकंद का केलं. तिथेही 0.2च. पण तो बदल खेळ बाजारात येण्यापूर्वी झाला होता, म्हणून कुणी रागावलं नाही. खेळाडूंच्या हाती आली तीच 0.7ची बंदूक. ‘डीएसआर’ मात्र आठेक महिने लोकांच्या हातात मुरली होती.

तिच्या बाबतीत कुणाला काय बोचलं, तेही पाहण्याजोगं आहे. दूर दबा धरून बसलेला स्नायपर एक गोळी मारतो, थांबतो, पुन्हा नेम धरतो. त्याला हे दशांश जाणवायचेही नाहीत. पण ‘क्विकस्कोप’वाला धावता धावता क्षणभर दुर्बीण डोळ्याला लावून गोळी सोडतो. त्याची पहिली गोळी चुकली, तर समोरच्याने टिपण्याआधी दुसरी निघायला हवी. दोन्ही बदल मिळून 0.3 सेकंद वाढले, आणि ते नेमके त्या फटीत. म्हणजे कात्री बंदुकीपेक्षा खेळण्याच्या एका ढंगाला लागली होती. नुसत्या आकड्यांच्या नोटेत हे दिसत नाही.

आकडे आणखी एका तऱ्हेने फसवतात. समजा खेळाडूची शक्ती 100 आहे आणि बंदूक दर 0.1 सेकंदाला एक गोळी सोडते. गोळीचा मार 34 असेल, तर तीन गोळ्यांत माणूस पडतो. पहिली गोळी शून्याव्या क्षणी, तिसरी 0.2 सेकंदाला. आता मार 33 केला. तीन गोळ्यांचे 99 होतात, एक उरतो, चौथी गोळी लागते आणि वेळ होतो 0.3. कागदावर एकाची घट, प्रत्यक्षात मारायला दीडपट वेळ. उलट 49चे 35 केले, तर नोट वाचून हाहाकार उडेल, पण सगळ्या गोळ्या लागल्या तर आधीही तीनच लागत होत्या, आताही तीनच. म्हणून चांगली नोट ‘मार 34 वरून 33’ इथे थांबत नाही. किती गोळ्यांऐवजी किती लागतील, किती अंतरावर, आणि डोक्यात लागलेल्या गोळीला हे लागू आहे का, तेही सांगते. जाणते खेळाडू नोट आली की आधी हाच हिशेब मांडतात. लपवाछपवी असेल, तर तासाभरात उघडी पडते.

कारण कसं सांगावं, याचा माझ्या पाहण्यातला चांगला नमुना बंजीच्याच ‘डेस्टिनी’चा. त्यातला ‘ग्यालारहॉर्न’ हा रॉकेट लाँचर इतका जबर होता, की त्याचं रॉकेट फुटल्यावर त्यातून शत्रूचा माग काढणारी छोटी रॉकेटं सुटत. कठीण मोहिमेसाठी गट जमवताना लोक ‘ग्यालारहॉर्न असेल तरच ये’ अशी अट घालू लागले. तो मिळणं बहुतांशी नशिबावर होतं, त्यामुळे चांगला खेळणाराही दाराबाहेर उभा. जुलै 2015मध्ये, बदल लागू होण्याच्या बरंच आधी, कंपनीने तो जाहीर केला. कारण शत्रू पटकन मरतात हे नव्हतं. एक शस्त्र प्रवेशपत्र होऊन बसलंय, हे होतं. ऑगस्टमध्ये खेळातल्या ‘झूर’ या फिरत्या व्यापाऱ्याने तोच लाँचर 17 नाण्यांना विकायला काढला, तेव्हा थोडेच दिवस टिकणाऱ्या त्या जोरासाठी लोक अक्षरशः तुटून पडले.

पण कारण कितीही नीट लिहिलं, तरी नोट स्वतःही काहीतरी घडवते. ‘लीग ऑफ लेजंड्स’ बनवणाऱ्या रायट कंपनीच्या लोकांनीच सांगितलेला किस्सा आहे. इथे बंदूक नाही, व्लादिमिर नावाचं पात्र आहे. त्याचा जोर कमी केल्याचं नोट्समध्ये छापून आलं, पण प्रत्यक्ष बदल चुकून पॅचमध्ये घालायचा राहिला. खेळात तसूभरही फरक नव्हता. तरी व्लादिमिरची वाट लावली म्हणून ओरड झाली, त्याला निवडणारे घटले आणि त्याची जिंकण्याची टक्केवारीही उतरली. बहुधा त्याला मुरवलेले लोक दुसरीकडे वळले असावेत, आणि उरलेले हातातलं शस्त्र बोथट झालंय असं धरून बिचकत खेळले असावेत.

म्हणूनच पॅचनंतरच्या पहिल्या काही दिवसांच्या आकड्यांवर फार विसंबता येत नाही. तेवढ्यात जे घटलेलं दिसतं, त्यात बंदुकीचं किती आणि वाचलेल्या ओळीचं किती, हे वेगळं करणं अवघड असतं.