स्ट्रिंग क्वार्टेटसाठी लोकप्रिय गीताचे संयोजन

दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठी गाण्याची चाल, कॉर्ड आणि ठेका वाटून लिहिण्याचे काम. ड्रम, बास, गिटार, गायक आणि कोरस यांची कामे इथे चौघांनाच करायची असल्याने संयोजकाची खरी कसोटी वाटणीत असते. बीटल्सच्या ‘यस्टरडे’साठी (१९६५) जॉर्ज मार्टिन यांनी लिहिलेल्या क्वार्टेटला ही अडचण नव्हती, चाल गायकाकडे आणि ठेका गिटारकडे होता. आशा भोसले यांनी क्रोनोस क्वार्टेटबरोबर गायलेल्या आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांतही (२००५) साथीला तबला होता.

चौघेच असताना वाटणी कशी होते ते डी मेजरमधल्या एका नेहमीच्या कॉर्ड-मालिकेवर पाहता येते: डी, ए, बी मायनर, जी. डीला षड्ज मानले तर चेलो खाली सा, प, ध, म धरतो. व्हायोला सा, नि, सा, सा आणि दुसरे व्हायोलिन ग, रे, ग, म वाजवते. दोघांनाही जेमतेम एका स्वराने सरकावे लागते, त्यामुळे कॉर्ड बदलताना धक्का बसत नाही. शेवटच्या कॉर्डचा ध मात्र यात कुणाकडेच नाही. चालीत तिथे ध असेल तर पहिले व्हायोलिन तो पुरवते. नसेल तर व्हायोलाने सा सोडून खालच्या ध वर उतरावे. नाहीतर तो कॉर्ड पोकळ ऐकू येतो.

ठेक्यासाठी चेलो पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर येतो, दुसरे व्हायोलिन आपले स्वर अर्ध्या मात्रेच्या तुटक गजाने वाजवते आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर व्हायोला ‘चॉप’ देतो. चॉप म्हणजे गज मुठीजवळ तारेवर आपटून काढलेला कोरडा आवाज. रिचर्ड ग्रीन या अमेरिकन फिडलवादकाने तो १९६०च्या दशकात रूढ केला. चॉपला नेमका स्वर नसतो. व्हायोला नुसता चॉपच देत राहिला तर वरच्या मालिकेतला नि गळतो आणि ए कॉर्ड मेजर की मायनर हे कळेनासे होते. म्हणून पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर स्वर आणि मधल्या मात्रांवर चॉप असे लिहिणे उत्तम.

पहिले व्हायोलिन सगळे गाणे एकटेच वाजवत राहिले की दुसऱ्या कडव्यापर्यंत ऐकणारा थकतो. गायक एकाच स्वरावर पाच-सहा अक्षरे म्हणतो तेव्हा शब्द ती जागा तोलतात. व्हायोलिनवर तीच जागा ठोकळेबाज होते. अशा ठिकाणी काही स्वर जोडून एका गजात घ्यावेत. दुसरे कडवे चेलोच्या वरच्या तारेवर फार खुलते, पण मग खर्ज व्हायोलाकडे जातो. त्याची सर्वांत खालची तार चेलोच्या खालच्या तारेपेक्षा एक सप्तक वर असल्याने गाण्याचा तळ हलका होतो. हा हलकेपणा कडव्यापुरता शोभतो. ध्रुवपद परतताना मात्र चेलोला खाली आणावेच लागते, आणि त्यासाठी त्याच्या चालीची शेवटची ओळ अर्धा बार आधी संपवून लिहावी.