सुकी भाजी (पंगतीची) : दरडोई वजन

पोळीबरोबर वाढल्या जाणाऱ्या, रस्सा नसलेल्या भाजीसाठी माणशी किती भाजी विकत आणावी याचे सामुदायिक जेवणात धरले जाणारे प्रमाण. पुणे जिल्ह्याच्या भोर व राजगड, म्हणजे पूर्वीच्या वेल्हे, तालुक्यांत हा हिशोब मुख्यतः हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनानंतर होणाऱ्या महाप्रसादाच्या वेळी आणि लग्नाच्या पंगतीच्या वेळी करावा लागतो. हा भाताचा मुलूख असल्याने जेवणाचा निम्मा भर वरण-भातावर किंवा आमटी-भातावर असतो, आणि पोळी (बोलीत चपाती) दोन ते तीनच खाल्ली जाते. म्हणून शिजलेली भाजी माणशी सरासरी १०० ग्रॅम पुरते, त्यांपैकी सुमारे ६० ग्रॅम पहिल्या वाढपात व उरलेली पुढच्या फेरीत जाते. भात नसून केवळ पोळी-भाजीच असेल, तर हेच प्रमाण दीडपट धरावे लागते.

शिजलेल्या वजनावरून खरेदीचे वजन काढताना दोन घटी मोजाव्या लागतात : निवडताना जाणारी साल, देठ व पाला, आणि शिजताना उडणारे पाणी. बटाटा सालीसकट उकडला तर त्याचे वजन जवळजवळ तेवढेच राहते व केवळ साल जाते, त्यामुळे माणशी १२० ग्रॅम बटाटा पुरेसा होतो. कोबीचा वरचा पाला व दांडा काढल्यावर उरलेला भागही परतताना पाणी सोडून आटतो, म्हणून तो १५० ग्रॅम घ्यावा लागतो. पाल्यासकट आलेल्या फ्लॉवरचे निम्म्याच्या आसपास वजन निवडण्यातच जाते, आणि ही घट विसरणे हे भाजी कमी पडण्याचे फार मोठे कारण आहे.

उदाहरणार्थ, ६० उंबऱ्यांच्या (घरांच्या) वाडीला चूलबंद आमंत्रण, म्हणजे त्या वेळी कोणाच्याच घरी चूल पेटणार नाही असे सरसकट निमंत्रण असेल, तर उंबऱ्यामागे पाच माणसे धरून ३०० पाने होतात. त्यांत ६० लहान मुले असल्यास ती निम्म्या पानाची धरून २७० पाने उरतात, आणि माहेरवाशिणी, टाळकरी व शेजारच्या वाडीचे पाहुणे असे ५० जण मिळवले की संख्या ३२० होते. माणशी १२० ग्रॅमप्रमाणे बटाटा ३८ किलो ४०० ग्रॅम लागतो. कढईला चिकटणारी व वाढताना सांडणारी भाजी लक्षात घेऊन ४० किलो आणणे योग्य ठरते. नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून आत गेलेल्या डोंगरवाड्यांमध्ये ऐन वेळी भाजी आणणे शक्य नसते, म्हणून तेथे पूर्ण ५० किलोची गोणी घेऊन तिच्यातील १० किलो बटाटे न उकडता बाजूला ठेवणे शहाणपणाचे असते, कारण कच्चा बटाटा टिकतो आणि चिरलेला कोबी टिकत नाही.

मात्र वजन बरोबर असूनही भाजी बिघडू शकते. ४० किलो बटाटा एकाच कढईत घातला तर थर जाड होतो, वाफ आत कोंडते, खालचा भाग करपतो आणि वरचा मऊ लगदा होतो. म्हणून वीस-वीस किलोचे दोन घाणे (एका वेळी शिजवलेली खेप) करावेत. कोबी पाणी फार सोडतो, म्हणून त्याचे घाणे याहूनही लहान लागतात. सराटा कढईच्या तळाशी ओढून पाहावा : मागे उमटलेली वाट कोरडी राहिली तर भाजी सुकी झाली आहे, आणि वाटेत पाणी धावून आले तर ती अजून परतायला हवी. ओली राहिलेली भाजी तोलायला जास्त भरते, पण पोळीच्या घासाला लागत नाही आणि लोक आमटीकडे वळतात.

आदल्या रात्री उकडून घमेल्यात ढीग करून ठेवलेले बटाटे मध्यभागी सकाळपर्यंत कोमट राहतात व चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात आंबतात; ते बोटाला चिकट लागतात, सोलताना तार सुटते व आंबूस वास येतो. असे बटाटे फोडणीला टाकूनही सुधारत नाहीत, ते फेकूनच द्यावेत. बटाटे पहाटे उकडून कापडावर एकेरी पसरावेत.

वाढपात होणारी चूक वजनाच्या हिशोबाने भरून निघत नाही. पहिल्या पंगतीला हात सैल सुटला की तिसऱ्या पंगतीला, जीत बहुधा स्वयंपाक करणाऱ्या बायका व वाढपी बसतात, भाजी उरत नाही. यासाठी पळी एकदा तराजूवर भरून तोलावी आणि तीच पळी प्रत्येक वाढप्याच्या हाती द्यावी. शिवाय पंगत बसण्यापूर्वीच शेवटच्या पंगतीचा वाटा वेगळ्या पातेल्यात काढून झाकून ठेवावा. भाजी तरीही कमी वाटली तर कोबीत बेसन पेरून ती वाढवता येते, परंतु उकडलेल्या बटाट्याच्या भाजीत हा उपाय चालत नाही.