कलौंजी तेल: केस, त्वचा व रोगप्रतिकारशक्तीबद्दलचे दावे आणि अभ्यासातील निष्कर्ष

कलौंजी हे रब्बी हंगामातील मसाला पीक असून मध्य प्रदेशातील नीमच, मंदसौर भागात त्याची लागवड होते. दाणे काळे, कोनदार व मंद रंगाचे असतात आणि चुरडल्यावर उग्र वास येतो. आपल्याकडे चटणीसाठी वापरतात ते कारळे लांबट व चकचकीत असते. ते वेगळे पीक आहे. कांद्याच्या बियांशीही कलौंजीचा संबंध नाही, त्यामुळे तेल घेताना बाटलीवर ‘नायजेला सटायव्हा’ हे नाव पाहून घ्या.

सर्वाधिक जाहिरात केसांसाठी होते. त्यामागे बहुधा २०१३ मधील इटलीतील एक छोटा अभ्यास असतो. त्यात २० रुग्णांपैकी १० जणांना कलौंजीचा ०.५ टक्के अंश असलेले लोशन आणि उरलेल्या १० जणांना औषध नसलेले लोशन तीन महिने दिले. कलौंजीच्या गटात ७० टक्के रुग्णांना फायदा दिसला. ऐकायला आकडा मोठा, पण दहापैकी सात म्हणजे सात माणसे. शिवाय या रुग्णांना ताप, बाळंतपण किंवा ताणानंतर होते तशी तात्पुरती केसगळती होती. अशी गळती कारण दूर झाल्यावर बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबते. आनुवंशिक टक्कल हा प्रकार वेगळा, त्यावर हा निष्कर्ष लावता येत नाही. लोशनमधील प्रमाणही लक्षात घ्या: १०० भागांत अर्धा भाग. बाजारातले निव्वळ तेल डोक्यावर ओतणे म्हणजे तोच प्रयोग नव्हे.

त्वचेच्या बाबतीत पुरावा थोडा बरा आहे. इराणमध्ये हाताच्या इसबाच्या ६० रुग्णांवर चार आठवडे मलमांची तुलना झाली. कलौंजीच्या मलमाने बीटामेथासोनइतकीच सुधारणा दिसली. मात्र याच तेलाने काहींना पुरळ व ॲलर्जी झाल्याच्या नोंदीही आहेत. म्हणून पहिल्यांदा कोपराच्या आतील बाजूस एक थेंब लावून दोन दिवस थांबा. लाली, खाज किंवा फोड आल्यास वापरू नका.

रोगप्रतिकारशक्तीचा दावा सर्वांत सैल आहे. २०२१ मध्ये सौदी अरेबियात सौम्य कोविडच्या १७३ रुग्णांपैकी एका गटाला ५०० मिलीग्रॅम तेल दिवसातून दोनदा, दहा दिवस दिले. चौदाव्या दिवशी त्या गटातील ६२ टक्के बरे झाले होते, तर दुसऱ्या गटातील ३६ टक्के. पण कोणाला काय मिळते हे सर्वांना माहीत होते, आणि लक्षणे रुग्णांनी स्वतः सांगितली होती. आजार होऊच नये म्हणून रोज तेल प्यावे, असे यातून सिद्ध होत नाही.

कलौंजीने रक्तातील साखर व रक्तदाब कमी होऊ शकतो. या आजारांच्या गोळ्या चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नका. तेल गडद काचेच्या बाटलीत, उन्हापासून दूर ठेवा. त्यातील थायमोक्विनोन हा मुख्य घटक उजेडाने व उष्णतेने खराब होतो.