दोन फर्सखांचं अंतर

इस्लामच्या इतिहासातलं पहिलं यादवी युद्ध परक्यांचं नव्हतं. इ.स. 656च्या डिसेंबरात बसऱ्याजवळ जी ‘जंग-ए-जमल’ झाली, तिच्या दोन्ही बाजूंना एकाच कुटुंबातली माणसं होती. हजरत जुबैर (रजि.) यांच्या आई सफिया या हजरत अली (रजि.) यांच्या आत्या. जुबैर यांच्या पत्नी अस्मा या हजरत आयेशा (रजि.) यांच्या बहीण. हजरत तलहा (रजि.) यांच्या घरात आयेशा यांचीच दुसरी बहीण होती. आतेभाऊ, मेहुणे, जावई अशी ही नाती. सगळे पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या सहवासातले.

या युद्धावर आपल्याकडे बोललं जातं तेव्हा बहुतेक वेळा कोण बरोबर आणि कोण चूक, इथेच गाडी अडते. मला त्या वादात शिरायचं नाही. मला त्या दिवशी मैदानात नसलेल्या एका माणसाविषयी लिहायचं आहे. त्याला दोन्हीकडून बोलावणं आलं होतं आणि त्याने दोघांनाही नाही म्हटलं.

त्यांचं नाव अहनफ बिन कैस. ‘अहनफ’ हे खरं तर टोपणनाव. पाय वाकडा असल्यामुळे पडलेलं. बसऱ्यातल्या बनू तमीम या मोठ्या कबिल्यातल्या बनू साद शाखेचे ते सरदार. पैगंबरांच्या हयातीतले, पण त्यांची भेट न झालेले. खुरासानच्या मोहिमांमध्ये त्यांनी नाव कमावलं. अरबीत आजही सहनशील, राग गिळणाऱ्या माणसाला उपमा द्यायची तर अहनफ यांचीच देतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच माणसाची जीभ एकदा घसरणार आहे.

तबरी यांच्या इतिहासात अहनफ यांच्याच तोंडची एक हकिकत नोंदवलेली आहे. ते हजला निघाले होते. वाटेत मदिनेत पोहोचले तर खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांच्या घराला वेढा पडलेला. हे प्रकरण खलिफांच्या खुनावर जाणार, हे त्यांना दिसलं. ते तलहा आणि जुबैर यांना भेटले आणि सरळ विचारलं की उस्मान यांचं काही बरंवाईट झालं, तर मी कुणाच्या हातावर बैअत करू? दोघांनी अलींचं नाव घेतलं. अहनफ यांनी पुन्हा खात्री करून घेतली. मक्केत आयेशा भेटल्या. तोवर खलिफांच्या हत्येची बातमी आली होती. अहनफ यांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर मिळालं. परतताना त्यांनी मदिनेत अलींची बैअत केली आणि आपलं काम झालं असं समजून बसऱ्याला घरी गेले.

काही महिन्यांनी निरोप आला. आयेशा, तलहा आणि जुबैर फौजेसह बसऱ्याच्या वेशीपाशी, खुरैबा इथे येऊन उतरले आहेत, उस्मान यांच्या खुनाचा बदला मागत आहेत आणि तुमची मदत हवी आहे.

अहनफ सांगतात की आयुष्यात याहून कठीण प्रसंग आपल्यावर आला नव्हता. मुसलमान ज्यांना आई मानतात त्या उम्मुल मोमिनीन एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पैगंबरांचे चुलतभाऊ, ज्यांची बैअत याच लोकांच्या सांगण्यावरून केलेली. तब्येतीचं निमित्त करून घरात बसणं सोपं होतं. नुसता निरोप पाठवूनही भागलं असतं. ते मात्र स्वतः उठून गेले.

तिथे त्यांनी आधी प्रश्न विचारले. आयेशांना अल्लाहची शपथ घालून विचारलं की मी तुम्हाला विचारलं होतं ना आणि तुम्ही अलींचं नाव सांगितलं होतं ना? त्या हो म्हणाल्या, पण आता परिस्थिती बदलली आहे, असंही म्हणाल्या. मग तोच प्रश्न तलहा आणि जुबैर यांना, आणि तसंच उत्तर. त्यानंतर त्यांनी नकार दिला, तोही कारणासकट. तुमच्यासोबत उम्मुल मोमिनीन आहेत, म्हणून मी तुमच्याशी लढणार नाही; आणि ज्यांची बैअत करायला तुम्हीच सांगितलं, त्यांच्याशीही लढणार नाही.

माझ्या मते या हकिकतीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग यापुढचा आहे. नकार देऊन ते थांबले नाहीत. त्यांनी तीन पर्याय समोर ठेवले. पुलाची वाट मोकळी करा, मी अजमच्या मुलखात, म्हणजे इराणकडे निघून जातो. नाहीतर मी मक्केला जातो. तेही नको असेल तर इथेच जवळ, पण बाजूला जाऊन बसतो. कोणता ते तुम्ही ठरवा.

तिघांनी आपसात मसलत केली. इराणकडे जाऊ दिलं तर आपल्यातून फुटणारा प्रत्येक जण यांच्याकडे पळेल. मक्केला जाऊ दिलं तर इथल्या सगळ्या खबरा कुरैशांना जाऊन सांगतील. त्यापेक्षा नजरेसमोर असलेले बरे. अहनफ बसऱ्यापासून दोन फर्सखांवर, म्हणजे साधारण दहा-बारा किलोमीटरवर, जल्हा नावाच्या ठिकाणी जाऊन थांबले. त्यांच्यासोबत सुमारे सहा हजार माणसं गेली.

तटस्थ माणसावर दोन्ही बाजूंचा संशय असतो. हा आतून त्यांना मिळालेला आहे, संधी साधून उलटेल, असं प्रत्येकाला वाटतं. मी तटस्थ आहे असं कितीही वेळा सांगून हा संशय जात नाही. अहनफ यांनी आपली जागाच समोरच्याला ठरवू दिली. ज्यांना नकार दिला, त्यांनाच आपल्यावर पाळत ठेवायची सोय करून दिली.

अलींच्या बाबतीतही त्यांनी असंच काहीसं केलं. अली बसऱ्याजवळ आले तेव्हा अहनफ यांनी त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. मी थोड्या माणसांनिशी तुमच्या बाजूने लढायला येतो, किंवा माझ्या कबिल्याच्या हजारो तलवारी तुमच्या विरोधात उठू देत नाही. आकडा कुठे चार हजार आहे, कुठे सहा, कुठे दहा. रावी बदलला की बदलतो. अलींनी दुसरी गोष्ट मागितली. हिशेब साधा होता. सरदार एकटा आला असता तर कबिला मागे मोकाट राहिला असता आणि तमीमच्या दुसऱ्या शाखांप्रमाणे आयेशांच्या फौजेत गेला असता. (सहीह बुखारीत आणखी एक नोंद आहे. अहनफ हत्यार घेऊन अलींच्या मदतीला निघाले असता सहाबी अबू बकरा यांनी त्यांना वाटेतून परत पाठवलं. तेव्हा ते पहिल्यापासूनच इतके ठाम होते की नाही, याबद्दल मी शंका ठेवतो. स्वतःची हकिकत सांगताना माणूस थोडा नीटनेटका होतोच.)

आता कुणी विचारेल की कुरआनात, सूरह हुजुरातच्या नवव्या आयतीत, ईमानवाल्यांचे दोन गट लढले तर त्यांच्यात समेट घडवा असा हुकूम आहे. मग हा माणूस बाजूला कसा बसला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला बसऱ्याच्याच दुसऱ्या एका माणसाच्या गोष्टीत दिसतं.

काब बिन सूर हे बसऱ्याचे काजी, अज्द कबिल्याचे. तेही या भांडणात पडायला तयार नव्हते. इब्न साद यांनी नोंदवलं आहे की त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं आणि अन्नपाणी आत घ्यायला भिंतीला भोक ठेवलं. पण काब आले तर सगळे अज्द येतील, असं आयेशांना कुणीतरी सांगितलं. त्या स्वतः त्यांच्या दारी गेल्या. हाक मारली, उत्तर नाही. तेव्हा मी तुझी आई नाही का, माझा तुझ्यावर काही हक्क नाही का, असं त्या म्हणाल्या. काब विरघळले आणि बाहेर आले. लढाईच्या दिवशी ते गळ्यात कुरआन अडकवून दोन्ही फौजांच्या मधे उभे राहिले, थांबा म्हणून विनवत राहिले. एक बाण आला आणि ते तिथेच गेले.

काब यांची नियत माझ्या दृष्टीने अहनफ यांच्याहून तसूभरही कमी नाही. पण ते बाहेर आले तेच एका बाजूच्या आर्जवाने. ज्या क्षणी ते आयेशांच्या छावणीत दिसले, त्या क्षणी समोरच्यांसाठी ते मध्यस्थ राहिले नाहीत. तिकडचा एक माणूस हातात कुरआन धरून उभा आहे, एवढंच दिसलं. दुसरं म्हणजे त्या दोघांकडे कुणी मध्यस्थी मागितलीच नव्हती. काब यांच्याकडून अज्द हवे होते, अहनफ यांच्याकडून तमीम. समेट घडवण्यासाठी दोन्हीकडून थोडी तरी जागा द्यावी लागते. इथे मागणी तलवारींची होती.

अहनफ यांची ही गोष्ट इथे संपली असती तर फारच सोज्वळ झाली असती. लढाईच्या दिवशी अलींनी जुबैर यांना पैगंबरांच्या एका जुन्या वाक्याची आठवण करून दिली आणि जुबैर मैदान सोडून निघाले. त्यांची वाट अहनफ यांच्या छावणीच्या बाजूने जात होती. कुणीतरी येऊन अहनफ यांना सांगितलं की जुबैर इथून चालले आहेत, काय करायचं? तेव्हा हा सहनशीलतेचा नमुना वैतागून बोलून गेला. मुसलमानांना एकत्र आणून एकमेकांच्या कपाळावर तलवारी चालवायला लावल्या आणि आता हे आपल्या घरी चालले, अशा अर्थाचं काहीतरी.

हे इब्न जुरमूझ नावाच्या तमीमी माणसाने ऐकलं. तो साथीदारांसह जुबैर यांच्या मागावर गेला आणि वादी-उस-सिबा इथे त्याने त्यांना ठार केलं. बक्षिसाच्या आशेने तो अलींकडे गेला, तर सफियाच्या मुलाला मारणाऱ्याला जहन्नमची खबर द्या, असं अलींनी सुनावलं. जुबैर यांची कबर आजही बसऱ्याजवळ आहे. त्या गावाचं नावच अज-जुबैर आहे.

अहनफ यांनी मारायला सांगितलं नव्हतं, हे बहुतेक रिवायतींतून स्पष्ट आहे. पण सहा हजार माणसं ज्याच्या शब्दावर तलवारी म्यान करून बसतात, त्याचं वैतागलेलं वाक्यही ती माणसं हुकूमासारखंच ऐकतात. त्यांनी तलवारी रोखल्या, कबिला रोखला, स्वतःची जागासुद्धा दुसऱ्यांना ठरवू दिली. भांडणाऱ्यांपैकी एकाविषयी मनात साठलेला राग मात्र ओठांवर आला, आणि ऐकणारे भोवती होतेच.

पुढच्याच वर्षी सिफ्फीनच्या युद्धात अहनफ उघडपणे अलींच्या बाजूने लढले, म्हणजे बाजूला राहणं हा त्यांचा कायमचा स्वभाव नव्हता. तिथे लवादाची वेळ आली तेव्हा, अबू मूसा अशअरी नकोत, मला पाठवा, असं त्यांनी अलींना सुचवलं. बसऱ्यात मधे न पडणाऱ्या माणसाने इथे स्वतःहून नाव दिलं, कारण आता दोन्ही बाजूंनी लवाद कबूल केला होता. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

त्यानंतर तीसेक वर्षांनी इराकवर मुसअब यांची सत्ता आली. मुसअब हे जुबैर यांचे चिरंजीव. म्हातारे अहनफ त्यांच्या सोबतीने मुख्तारविरुद्ध लढले आणि कूफ्यात वारले. त्यांच्या जनाज्यात मुसअब पायी चालले, अंगावर चादर न घेता.