कानापुढचं भोक आणि डोळे नसलेली माशी

काही बाळांच्या कानापुढे, कानाची वरची कड वळून गालाला मिळते नेमक्या त्या जागी, टाचणीच्या डोक्याएवढं भोक जन्मतःच असतं. कधी एका बाजूला, बहुधा उजव्या, कधी दोन्हीकडे. घरात शोध घेतला तर बापाच्या, आत्याच्या किंवा मामाच्या कानापुढेही ते सापडतं, आणि त्यांना त्याचा आयुष्यभर काही त्रास झालेला नसतो. डॉक्टर त्याला प्रीऑरिक्युलर सायनस म्हणतात. युरोप-अमेरिकेत ते शंभरात एकाहून कमी बाळांना असतं, तैवानात शंभरात दोघांच्या आसपास, आणि आफ्रिकेच्या काही भागांत शंभरात चार ते दहा जणांना. इतकी साधी गोष्ट. मग एखादे बालरोगतज्ज्ञ ते भोक पाहून बाळाच्या मूत्रपिंडांची चौकशी का करतात? कान कुठे, मूत्रपिंड कुठे! या प्रश्नाचं उत्तर एका डोळे नसलेल्या फळमाशीपाशी जाऊन पोचतं. मात्र तिथवर जायचं तर या भोकाचं कूळ आधी तपासावं लागतं, कारण ते एका चुकीच्या घराण्याच्या नावावर बराच काळ चढवलेलं होतं.

ते घराणं पाण्यातल्या माशांचं. वैद्यकीय वाङ्मयात या भोकाची पहिली नोंद १८६४ साली जर्मन वैद्य हॉयसिंगर यांनी केली आणि १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स पॅजेट यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या उतरतं याकडे लक्ष वेधलं. तो काळ डार्विनच्या प्रभावाचा. मानवी गर्भाच्या मानेच्या बाजूंना चौथ्या-पाचव्या आठवड्यात काही कमानी आणि त्यांच्यामध्ये खाचा दिसतात. माशांमध्ये अशाच कमानींपासून कल्ले घडतात. तेव्हा कानापुढचं भोक म्हणजे न बुजलेली पहिली खाच, माशाच्या कल्ल्याचा आपल्यात उरलेला अवशेष, हा निष्कर्ष फार मोहक होता. तो अजूनही दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रांतून डोकं वर काढतो. पण भोकाची जागाच त्याच्या विरोधात साक्ष देते. पहिली खाच खरोखर कुठे जाते हे ठाऊक आहे: तिच्यापासून कानाची नळी बनते. ती खाच नीट बुजली नाही तर होणारा दोषही शल्यविशारदांना ओळखीचा आहे. त्याचं तोंड जबड्याच्या कोनाजवळ किंवा कानाच्या नळीत असतं, आणि त्याची वाट चेहऱ्याच्या मज्जातंतूला खेटून किंवा त्याच्या आतून जाते. आपलं भोक यांपैकी काहीच करत नाही. ते नळीच्या वर आणि पुढे असतं, चेहऱ्याच्या मज्जातंतूपासून दूर राहतं आणि कानाच्या कूर्चेला चिकटून संपतं. शिवाय मानवी गर्भाला चालू कल्ले कधीच नसतात, नुसत्या कमानी असतात. कमानी सामायिक आहेत एवढ्यावरून भोक कल्ल्याचं ठरवणं म्हणजे आडनाव एक म्हणून सातबाऱ्यावर नाव चढवणं.

दुसरं घराणं अधिक भरवशाचं. १८८५ मध्ये विल्हेल्म हिस यांनी दाखवलं की सहाव्या आठवड्यात पहिल्या कमानीवर तीन आणि दुसरीवर तीन असे सहा उंचवटे उगवतात, आणि ते एकमेकांत मिसळून बाहेरचा कान तयार होतो. उंचवटे नीट जुळले नाहीत, तर सांध्याच्या जागी त्वचेची घडी आत अडकते आणि मागे भोक राहतं. हे मत आज बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे, तरी त्यालाही एक सणसणीत आक्षेप घेतला गेला. १९२२ मध्ये अमेरिकी गर्भशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रीटर यांनी म्हटलं की हे उंचवटे कानाचे तुकडे नव्हेतच; ते तात्पुरते उगवतात, पुसले जातात, आणि कान त्यांच्यामागच्या सलग ऊतीतून वाढतो. हा आक्षेप खरा मानला तर जोडायला तुकडेच उरत नाहीत, मग जोड चुकणार कशी? माझ्या मते इथे दोघांतला एक निवडण्याची गरज नाही. उंचवटे तुकडे असोत वा क्षणिक लाटा, कानाची वरची कड गालाकडे वळते तिथे वेगाने वाढणारी त्वचा दुमडते हे दोन्ही मतांत बसतं, आणि भोक नेमकं त्याच वळणावर सापडतं. आत शिरलेल्या नळीला बाहेरच्यासारखंच त्वचेचं अस्तर असतं, हेही दुमडीच्या बाजूने बोलतं.

आता माशी. १९७५ मध्ये मेल्निक आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबातला रोग वर्णन केला. त्या कुटुंबात ऐकू कमी येणं, कानापुढची भोकं, मानेवरच्या नळ्या आणि मूत्रपिंडांचे दोष एकत्र होते. चाळीसेक हजारांत एखाद्याला होणाऱ्या या व्याधीला पुढे ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोम असं नाव मिळालं. तिचं जनुक १९९७ मध्ये सापडलं, तेव्हा ते फळमाशीत आधीपासून परिचित असलेल्या एका जनुकाचं मानवी भावंड निघालं. माशीत ते बिघडलं की डोळे तयारच होत नाहीत, म्हणून माशीवाल्यांनी त्याचं नाव ‘आइज अ‍ॅब्सेंट’ ठेवलं होतं. माणसातल्या जनुकाला ईवायए१ म्हणतात. त्याची एक प्रत बिघडली तर माणसाचे डोळे बहुधा शाबूत राहतात. कान आणि मूत्रपिंडं मात्र अडचणीत येतात. १९९९ मध्ये उंदरांच्या दोन्ही प्रती काढून टाकल्या तेव्हा त्या पिलांना कान नव्हते आणि मूत्रपिंडंही नव्हती. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं एक आज्ञापत्र माशीने डोळ्यासाठी राबवलं आणि सस्तन प्राण्यांनी कान नि मूत्रपिंडासाठी. मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत चकित करणारा धागा हाच वाटतो.

यावर एक प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण ऐकू येतं: कान आणि मूत्रपिंड गर्भात एकाच सुमारास बनतात, म्हणून एक बिघडला की दुसराही तपासावा. ऐकायला सोपं, पण तकलादू. त्याच आठवड्यांत हृदयाचे पडदे आणि हातापायांची बोटंही घडत असतात. तरी कानापुढच्या भोकासाठी बोटं मोजा असं कुणी सांगत नाही. नातं काळाचं नसून जनुकाचं आहे, आणि या फरकाला व्यवहारात किंमत आहे. नातं काळाचं असतं तर प्रत्येक भोकासाठी सोनोग्राफी योग्य ठरली असती. ते एका विरळ जनुकदोषाचं असल्यामुळे एकटं भोक असलेल्या, बाकी धडधाकट बाळाची मूत्रपिंडं तपासण्याचं कारण नाही. २००१ मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी कानाच्या दोषांसाठी जे निकष मांडले तेही असेच आहेत: भोकासोबत दुसरा जन्मदोष किंवा वेगळी चेहरेपट्टी, घराण्यात बहिरेपण अथवा कानाचे वा मूत्रपिंडाचे दोष, किंवा आईला गरोदरपणी मधुमेह असेल तर सोनोग्राफी करावी. ऐकण्याची गोष्ट मात्र निराळी. भोक किंवा कानापुढे चामखिळीसारखा मांसल कोंब असलेल्या बाळांत बहिरेपण जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत, आणि ऐकण्याची चाचणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत, काही न टोचता होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, कानापुढचं भोक नाही. माझ्या मते हे बरोबरच आहे: शोधायचं आहे ते बहिरेपण, भोक ही फक्त त्याची आठवण करून देणारी खूण.

भोक निरुपद्रवी कधी राहतं आणि कधी पिकतं, याचं उत्तरही त्याच दुमडीत आहे. आतलं अस्तर त्वचेचं, म्हणून त्वचेसारखंच ते झडत राहतं. नळी उथळ नि सरळ असली तर झडलेला चुरा आपोआप बाहेर येतो. कुणाला पांढरट खवल्यासारखं काही दिसतं, बहुतेकांना तेही नाही. नळी खोल, फाटे फुटलेली असली आणि तोंड बारीक असलं, तर चुरा आत साठतो, त्याला वास येतो, आणि एकदा जंतू शिरले की आत पू धरतो. हे जंतू बहुधा त्वचेवरचेच, स्टॅफिलोकोकस जातीचे. म्हणून आंघोळीच्या वेळी साध्या पाण्याने वरून धुऊन पुसलं की काम संपलं. डाळीच्या पिठाचं उटणं भोकावर चोळू नये, तेल सोडू नये, काडी घालू नये, आणि पांढरं दिसलं म्हणून पिळूही नये. बारशाला कान टोचतात ते खालच्या मऊ पाळीला, त्याने काही बिघडत नाही. पण पुढे बुगडी किंवा भिकबाळीसाठी वरचा कान टोचायचा झाला, तर सराफाला हे भोक आधी दाखवावं. ते तयार छिद्र म्हणून वापरण्याजोगं नाही, आणि त्याच्या लगत सुईही नको.

पिकलेल्या भोकामुळे फसगत कशी होते, हे एका कल्पित उदाहरणावर पाहू. सिन्नरकडच्या दोन वर्षांच्या मुलीच्या गालावर, कानापुढे सुपारीएवढी लाल, दुखरी सूज येते. घरचे तिला गळू समजतात, कुणी कापून पू काढतो, आठवड्यात सूज बसते. तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा. आता जखम बुजत नाही, तेव्हा कुणाला क्षयाच्या गाठीची शंका येते. सुजेच्या वर, कानाच्या कडेच्या मुळाशी, केसांची बट बाजूला सारली तर टाचणीएवढं तोंड दिसतं. पण ते बघितलेलंच नसतं. पू वरच्या तोंडातून न येता खाली वाट शोधतो, आणि डोळा सुजेवरच खिळतो. कानापुढे एकाच जागी दुसऱ्यांदा गळू आलं की वर भोक आहे का हे पाहणं, ही साऱ्या तपासण्यांत सगळ्यात स्वस्त. दरम्यान उपचार साधे: शेक, बाळाच्या वजनानुसार डॉक्टरांनी दिलेलं प्रतिजैविक, पू साठलाच तर शक्यतो सुईने ओढून किंवा बोथट सळईने तोंडातून वाट करून काढणं, कारण मोठा काप पुढच्या शस्त्रक्रियेत वण होऊन आडवा येतो. मात्र तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, ते दूध पिईना किंवा सुस्त झालं, तर घरी शेकत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

ज्याला कधी त्रास नाही त्या भोकाची शस्त्रक्रिया करू नये, यावर बहुतेकांचं एकमत आहे. वारंवार पिकणारं मात्र काढावं, आणि तेही सूज पूर्ण शमल्यावर काही आठवड्यांनी, लहान मुलांत पूर्ण भूल देऊन. अडचण फाट्यांची आहे: अस्तराचा एक फाटा मागे राहिला तरी तो झडत राहतो आणि सारं पुन्हा सुरू होतं. निळा रंग सोडून नळीचा माग काढायची पद्धत जुनी, पण बारीक फाट्यांत रंग नेहमी पोचत नाही. म्हणून १९९० मध्ये प्रसाद, ग्रंडफास्ट आणि मिल्मो यांनी उलटा विचार मांडला: नळी शोधत बसण्याऐवजी काप कानाच्या वर न्यावा, आणि कानशिलाच्या स्नायूवरचा पडदा ते कानाची कूर्चा यांच्यामधली सगळी ऊती एकत्र काढावी, नळी जिथे कूर्चेला चिकटते तिथला कूर्चेचा कपटाही सोबत घ्यावा. त्यांच्या रुग्णांत जुन्या पद्धतीने शंभरात ४२ जणांना दोष पुन्हा उद्भवला होता, नव्या पद्धतीने पाच जणांना. ही पद्धत चालते तीही भोकाच्या कुळामुळेच: ते पहिल्या खाचेचं असतं तर चेहऱ्याचा मज्जातंतू वाटेत आला असता, आणि इतकी सढळ ऊती काढण्याची मुभा कुणी घेतली नसती.