काट्याला न दिसणारी चरबी

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२. त्यांचा विषय मधुमेहाचा होता. गुंगीच्या औषधांच्या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांचं स्वागत मी मात्र याच फोटोने करते, कारण वजनावरून चरबी कळत नाही ही या अभ्यासाची पहिली पायरी आहे.

समजा, सोलापुरातल्या एखाद्या आयसीयूमध्ये १६० सेंटिमीटर उंचीच्या, १२० किलो वजनाच्या बाई व्हेंटिलेटरवर आहेत. या उंचीला सूत्रानुसार आदर्श वजन येतं सुमारे ५२ किलो. मिडॅझोलाम किलोमागे तासाला ०.०५ मिलिग्रॅम द्यायचं ठरलं, तर काट्यावरच्या वजनाने ६ मिलिग्रॅम होतं आणि आदर्श वजनाने २.६. यातलं कोणतं द्यायचं?

मिडॅझोलाम रक्तातून चरबीत सहज शिरतं. चरबी जास्त तितकी त्याला मुरायला जागा जास्त. मात्र ते शरीरातून काढून टाकायचं काम यकृताचं, आणि चरबी वाढली म्हणून यकृताचं काम त्या प्रमाणात वाढत नाही. ग्रीनब्लाट आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली हेच दाखवलं: लठ्ठ व्यक्तींमध्ये औषध पसरण्याची जागा बरीच मोठी होती, निचऱ्याचा वेग मात्र जवळपास इतरांसारखाच. त्यामुळे औषधाचं अर्धायुष्य दोन-तीन तासांवरून कितीतरी लांबलं.

चालू ड्रिपचा वेग निचऱ्याशी जुळवायचा असतो. निचरा तेवढाच असेल, तर ६ मिलिग्रॅमच्या ड्रिपने रक्तातली पातळी अखेरीस २.६ च्या ड्रिपपेक्षा सव्वादोन पटींहून वर जाते. फसगत होते ती ‘अखेरीस’ या शब्दापाशी. अर्धायुष्य आठ तासांचं धरलं, तर पातळी स्थिरावायला दीड दिवस लागतो. पहिल्या रात्री चरबी औषध शोषत असते, बाई चुळबुळ करतात, आणि ड्यूटीवरचे डॉक्टर ड्रिप आणखी वाढवतात. दुसऱ्या दिवशी त्या हाकेलाही डोळे उघडत नाहीत. ड्रिप बंद केली तरी चरबीतलं औषध सावकाश रक्तात परतत राहतं. मग मेंदूचा सीटी स्कॅन काढायची घाई होते. दोष औषधाचा असू शकतो हे बहुधा नंतर सुचतं.

पहिल्या डोसचं गणित वेगळं आहे. तो रिकामी जागा भरण्यासाठी असतो, म्हणून वजन पाहून तो वाढवण्याला आधार आहे. पण थोडा थोडा, श्वासावर नजर ठेवून. लठ्ठ माणसाचा श्वासमार्ग झोपेत आधीच अरुंद होत असतो. ड्रिप मात्र आदर्श वजनाच्या आसपास सुरू करावी, दर काही तासांनी गुंगीची पातळी मोजावी आणि रोज एकदा ड्रिप थांबवून रुग्ण जागा होतो का ते पाहावं.

चरबीत विरघळणारं प्रत्येक औषध असं साठतंच असंही नाही. रेमिफेंटानिल चरबीत विरघळतं, पण रक्तातले आणि ऊतींमधले एन्झाइम त्याचे इतक्या झटपट तुकडे करतात की चरबीत मुरायला त्याला उसंतच मिळत नाही.