शिलाईची वही मोबाईलवर आणायची आहे? आधी अ‍ॅडव्हान्सची नोंद नीट समजून घ्या

घरात आई, मावशी किंवा वहिनी शिवणकाम करत असेल, तर 'ते बिलाचं अ‍ॅप टाकून दे ना मोबाईलमध्ये' हे काम बहुतेक तुमच्याच गळ्यात पडतं. अ‍ॅप डाउनलोड करायला दोन मिनिटं लागतात. पण पंधरा दिवसांनी 'ह्यात काहीतरी भलतंच दाखवतंय' म्हणून ते बंद पडतं आणि वही पुन्हा बाहेर येते. ओळखीतल्या काही शिलाईवाल्या ताईंना आणि एका छोट्या दुकानदाराला मी ही अ‍ॅप्स लावून दिली आहेत. गडबड जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे अ‍ॅडव्हान्स आणि बाकी यांच्या नोंदीत. म्हणून या लेखात दहा अ‍ॅपची यादी न देता तेवढंच नीट बघूया.

आधी वहीचं एक पान बघा

शिलाईच्या वहीत एका ग्राहकाच्या पानावर सहसा तीन गोष्टी असतात: मापं, कपडा कधी द्यायचा ती तारीख, आणि पैसे (ठरलेली शिलाई, अ‍ॅडव्हान्स, बाकी). हिशेबाचं अ‍ॅप यातलं फक्त तिसरं काम चांगलं करतं. मापांसाठी त्यात सोयीची जागा नसते. अ‍ॅपमध्ये जी Due date दिसते, ती पैसे येण्याची तारीख असते, ब्लाऊज देण्याची नव्हे. त्यामुळे मापांची वही चालूच ठेवायची, आणि कपडा द्यायच्या तारखा हव्या तर फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकायच्या. हे पहिल्याच दिवशी घरी सांगून ठेवा, म्हणजे अ‍ॅपकडून नको त्या अपेक्षा राहत नाहीत.

खातेवही हवी की बिल?

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची अ‍ॅप्स आहेत.

- खातेवही अ‍ॅप: खाताबुक, ओकेक्रेडिट वगैरे. कोणाकडून किती येणं आहे आणि कोणाचं किती देणं आहे, एवढंच यात बघायचं. जुन्या वहीतल्या 'जमा' आणि 'नावे' याच दोन रकान्यांचं हे मोबाईल रूप आहे.
- बिल अ‍ॅप: व्यापार, मायबिलबुक, झोहो इन्व्हॉइस वगैरे. यात बिल नंबर, वस्तू, दर आणि नग टाकून पीडीएफ बिल तयार होतं आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतं.

निवड सोपी आहे. ग्राहक बिल मागतच नसतील आणि डोकेदुखी फक्त उधारीची असेल, तर खातेवही अ‍ॅप पुरे. गल्लीतल्या किराणा दुकानाच्या महिन्याच्या उधारीलाही तेच बरं, कारण दहा रुपयांच्या बिस्किटासाठी कोणी बिल बनवत बसणार नाही. पण शाळेचे गणवेश, बुटीकचं काम किंवा एखाद्या कार्यालयाची ऑर्डर असेल, तर समोरचा कागद मागतो. तिथे बिल अ‍ॅपच लागतं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये काही सोयी फुकट आणि काही पैसे भरून असतात, त्यामुळे तुम्हाला लागणारी सोय कोणत्या बाजूला आहे ते आधी बघून घ्या.

एक ऑर्डर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा शेजारच्या काकूंनी ५ तारखेला तीन अस्तराचे ब्लाऊज आणि दोन साड्या फॉल-पिकोला टाकल्या. ब्लाऊजची शिलाई प्रत्येकी ४५० रुपये, म्हणजे १,३५०. फॉल-पिको साडीमागे १०० रुपये, म्हणजे २००. एकूण १,५५०. त्यांनी ५०० रुपये अ‍ॅडव्हान्स दिला. १२ तारखेला कपडे घेऊन जाताना १,००० दिले आणि ५० राहिले.

खाताबुकमध्ये दोन बटणं महत्त्वाची: You gave आणि You got. पहिलं म्हणजे नावे, दुसरं म्हणजे जमा. नोंदी अशा करायच्या:

1. ५ तारीख: You got ५००. शेऱ्यात '३ ब्लाऊज, २ फॉल-पिको, ठरले १,५५०' असं लिहायचं.
2. १२ तारीख, कपडे देताना: You gave १,५५०.
3. त्याच दिवशी: You got १,०००.

पहिल्या नोंदीनंतर अ‍ॅप सांगतं की तुम्हीच काकूंना ५०० रुपये देणं लागता. इथेच आई घाबरते: 'अगं, मी कुठे त्यांचं देणं लागते?' पण हे बरोबर आहे. पैसे घेतलेत आणि काम अजून दिलेलं नाही, म्हणजे तेवढं देणं आहेच. काकूंनी ऑर्डर रद्द केली, तर तेच ५०० परत करावे लागतील. १२ तारखेला १,५५० नावे टाकले की चित्र उलटतं आणि १,०५० येणं दिसतं. शेवटच्या नोंदीनंतर ५० उरतात.

मग ऑर्डर घेतानाच १,५५० टाकले तर? शेवटचा हिशेब तोच येईल, पण मधल्या सात दिवसांत अ‍ॅप काकूंकडे १,०५० बाकी दाखवत राहील. यातली काही अ‍ॅप्स नोंद होताच ग्राहकाला आपोआप एसएमएस पाठवतात. ब्लाऊज अजून कापलाही नाही आणि 'तुमच्याकडे १,०५० रुपये बाकी' असा मेसेज गेला, तर काकूंना राग येणारच. म्हणून दोन गोष्टी करा: शिलाईची रक्कम कपडे देताना टाका, आणि पहिली नोंद करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन एसएमएस बंद करा. आईला सवय झाली की हवा तर चालू करता येतो.

बिल अ‍ॅपमध्ये रस्ता थोडा वेगळा आहे. व्यापार अ‍ॅपमध्ये ऑर्डर घेताना थेट Sale न करता Sale Order करायची. त्यात अ‍ॅडव्हान्सची रक्कम भरता येते. कपडे देताना त्याच ऑर्डरचं विक्रीत रूपांतर केलं की बिल तयार होतं आणि ५०० त्यातून वजा होतात. नव्याने दुसरं बिल बनवलं, तर तीच शिलाई दोनदा लागू शकते.

आणि ते उरलेले ५० रुपये? आईने 'राहू दे' म्हणून सोडून दिले, तर ते मिळाले असं दाखवू नका. तसं केलं की अ‍ॅपप्रमाणे गल्ल्यात ५० रुपये जास्त असायला हवेत, आणि रात्री पैसे मोजताना ते सापडणार नाहीत. बिल अ‍ॅपमध्ये ते Discount म्हणून टाकायचे. खातेवही अ‍ॅपमध्ये जमा करून शेऱ्यात 'सूट' लिहायचं आणि रोजची रोकड मोजताना ते वगळायचे.

जुनी बाकी आणायची कशी?

सगळी जुनी वही टाइप करायची गरज नाही. एक तारीख ठरवा, उदाहरणार्थ महिन्याची १ तारीख. त्या दिवशी ज्यांची बाकी आहे किंवा ज्यांचा अ‍ॅडव्हान्स आपल्याकडे आहे, तेवढेच ग्राहक घ्या. प्रत्येकाची एकच रक्कम टाका. बिल अ‍ॅपमध्ये याला Opening Balance म्हणतात, आणि तिथे ती रक्कम येणं आहे की देणं हे निवडावं लागतं. वहीत 'सविता, पिवळी बिल्डिंग' असं चालतं, पण अ‍ॅपमध्ये नावासोबत मोबाईल नंबर घाला, नाहीतर दोन सवितांचे हिशेब एकात मिसळतात.

आता मुख्य तपासणी. अ‍ॅप उघडण्याआधी वहीवरून कागदावर दोन बेरजा करून ठेवा. समजा येणं ६,३४० आणि घेतलेले अ‍ॅडव्हान्स १,५०० आहेत, म्हणजे फरक ४,८४०. सगळं भरून झाल्यावर अ‍ॅपमध्येही हेच तीन आकडे आले पाहिजेत.

समजा अ‍ॅपमध्ये येणं ५,८९० आणि देणं १,९५० दिसलं. फरक ३,९४० आला, म्हणजे ९०० रुपये कमी. अशा वेळी ९०० चे निम्मे करा: ४५०. वहीत ४५० बाकी असलेला ग्राहक शोधा. त्याची रक्कम बहुधा उलट्या बाजूला पडली आहे. रक्कम उलटी पडली की चूक दुप्पट होते, कारण एका बाजूने ती कमी होते आणि दुसऱ्या बाजूला वाढते.

निम्म्या रकमेचा ग्राहक सापडला नाही आणि चुकीच्या रकमेला ९ ने भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल तपासा. ५४० च्या जागी ४५० टाइप झालं की ९० चा फरक पडतो. ही युक्ती जुन्या मुनीमांच्या कामाची होती, मोबाईलवरही तितकीच चालते.

बिलावर जीएसटी टाकायचा का?

जीएसटी नोंदणी नसेल, तर नाही. नोंदणी नसताना ग्राहकाकडून जीएसटी घेणं कायद्याने चालत नाही. शिलाई ही सेवा आहे, आणि महाराष्ट्रात सेवेसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे. फक्त माल विकणाऱ्यांसाठी ती ४० लाख आहे. घरगुती शिलाई सहसा याच्या बरीच खाली असते. तेव्हा बिल अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जीएसटी बंद करा आणि एक नमुना बिल स्वतःच्याच नंबरवर पाठवून बघा. वर Tax Invoice असं छापून येत असेल किंवा खाली कराची ओळ दिसत असेल, तर सेटिंग अजून पूर्ण बदललेलं नाही.

फोन हरवला तर?

हा प्रश्न वहीला नव्हता, म्हणून आधीच सोडवा. काही अ‍ॅपमध्ये हिशेब मोबाईल नंबरच्या लॉगिनला जोडलेला असतो. तिथे नवीन फोनवर त्याच नंबरने ओटीपी टाकला की सगळं परत येतं. म्हणून लॉगिन आईच्या नंबरनेच करा, तुमच्या नाही. तुम्ही शिकायला बाहेरगावी गेलात, तर ओटीपीसाठी तिला तुमच्या फोनची वाट बघत बसावं लागेल. काही अ‍ॅपमध्ये हिशेब फोनमध्येच राहतो, तिथे गुगल ड्राइव्हवर ऑटो बॅकअप चालू करावा लागतो. शेवटच्या बॅकअपची तारीख सेटिंगमध्ये दिसते का, ते आठवड्याने एकदा पाहा. आणि महिन्याच्या शेवटी बाकीदारांची पीडीएफ काढून आईला व्हॉट्सअ‍ॅप करून ठेवा.

पैशाची वही कधी बंद करायची?

पहिला महिना दोन्हीकडे लिहा. दर रविवारी वहीतली बाकी आणि अ‍ॅपमधली बाकी जुळवा. सलग चार रविवार आकडे जुळले, की पैशाच्या नोंदी वहीत लिहिणं थांबवा. एखाद्या रविवारी जुळले नाहीत, तर त्या आठवड्यात घेतलेले अ‍ॅडव्हान्स सगळ्यात आधी तपासा.